आवाज उशिरा पोचतो तेव्हा: घरच्या व्हिडिओ कॉलवर नमस्कार कसा करावा

पाडव्याचा कॉल. साताऱ्यात आई-बाबा, पुण्यात ताई, न्यू जर्सीत मुलगा, सून आणि नात. कॉल जोडला जातो आणि पहिलं मिनिट ‘हॅलो’, ‘ऐकू येतंय का?’, ‘बोल बोल’, ‘नाही, तू बोल’ यातच जातं. आईला वाटतं, पोराला बोलायला वेळ नाही. पोराला वाटतं, आईला नीट ऐकू येत नाही. खरं तर दोघांचंही चुकलेलं नसतं. मध्ये अर्धा-पाऊण सेकंद अडकलेला असतो आणि नेहमीच्या बोलण्याची लय तेवढा वेळ सोसत नाही.

समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपल्यावर दुसरा साधारण ०.२ सेकंदात सुरू होतो. आता आवाज एका बाजूने दुसरीकडे पोचायला ०.४ सेकंद लागतात असं धरा. मुलाचं ‘आई, नमस्कार’ संपतं, ते आईला ०.४ सेकंदाने ऐकू येतं. ती ०.६ ला ‘अरे बोल बाळा’ सुरू करते, ते मुलाकडे पोचतं १ सेकंदाला. पण मुलाला ०.८ लाच ती शांतता खटकते आणि तो म्हणतो, ‘ऐकू येतंय का?’ आईचं उत्तर आणि त्याचा प्रश्न एकमेकांवर आदळतात. दोघंही दचकून थांबतात, दोघंही तेवढाच वेळ वाट बघतात आणि दोघंही पुन्हा एकदमच सुरू होतात. दुसरी टक्कर पहिलीतूनच जन्मते, म्हणून हे आपोआप मिटत नाही.

आधी उशीर मोजा

सगळे यायच्या आधी दोघांनीच कॉल लावा आणि आळीपाळीने दहापर्यंत मोजा. तुम्ही ‘एक’ म्हणा, ते ऐकू आल्याबरोबर पलीकडच्याने ‘दोन’ म्हणायचं, मग तुम्ही ‘तीन’. ‘एक’ म्हणताना घड्याळ सुरू करा आणि ‘दहा’ ऐकू आलं की थांबवा. हाच खेळ घरात कुणासमोर बसूनही करून बघा. समजा घरात ५ सेकंद लागले आणि कॉलवर ९. जास्तीचे ४ सेकंद भागिले १०, म्हणजे एका दिशेला ०.४ सेकंद उशीर, कारण आवाजाने दहा फेऱ्या मारल्या. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर ०.१५ सेकंदाच्या आत असेल तर बोलण्यात सहसा अडथळा जाणवत नाही. ०.४ च्या पुढे मात्र पद्धत बदलूनच बोलावं लागतं.

‘अमेरिका लांब आहे, उशीर होणारच’ असं म्हणून सोडून देऊ नका. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसत्या अंतराचे फक्त ०.०६ सेकंद. केबल वळणं घेत जाते, म्हणून थोडे अधिक धरा. बाकीचा उशीर बहुतेकदा घरातलाच असतो. ब्लूटूथ हेडफोन एकटाच ०.१ ते ०.२ सेकंद खातो, त्याऐवजी वायरचा लावा. वाय-फाय दोन भिंतींपलीकडे असेल तर आवाजाचे तुकडे वेडेवाकडे पोचतात, आणि ते ओळीत लावण्यासाठी ॲप आवाज थोडा रोखून धरतं. राउटरच्या खोलीत बसा, आणि घरात दुसऱ्या कुणाचा सिनेमा चालू असेल तर कॉलपुरता बंद ठेवायला सांगा.

हात आधी, आवाज नंतर

उशिराच्या कॉलवर आपला हात जोडून केलेला नमस्कार फार उपयोगी पडतो. पाच जणांनी एकदम हात जोडले तरी कुणाचा नमस्कार कुणावर आदळत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. फोन हातभर अंतरावर असला की छातीशी जोडलेले हात चौकटीबाहेर राहतात, म्हणून हात गळ्यापर्यंत वर घ्या. आणि चित्र मध्येच थिजतं, म्हणून दोन-तीन सेकंद तसेच धरा. फोन हातात असेल तर हात जोडताच येणार नाहीत. तो डब्याला टेकवून उभा करा. हे सगळे माइक बंद ठेवून करतील.

मग एकानेच बोलायचं. ज्याने कॉल लावला त्याने हे काम घ्यावं, इथे ताई. ती ज्येष्ठांपासून सुरू करून एकेकाचं नाव घेईल: ‘हां, आई, नमस्कार. न्यू जर्सीचे सगळे आलेत. आई, तू बोल.’ सुरुवातीचा ‘हां’ मुद्दाम आहे. गोंगाट दाबणारी यंत्रणा शांततेनंतरचं पहिलं अक्षर बरेचदा गिळते. ‘हां’ गेला तरी ‘आई’ शाबूत राहते. शेवटचं ‘तू बोल’ म्हणजे पाळी दिल्याची खूण. ते ऐकल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही, आणि ते म्हटल्यावर ताईने मनात सावकाश तीन आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचं. ही शांतता अवघड वाटते, पण आईचं उत्तर त्याच वेळात वाटेवर असतं.

नातीने वाकून नमस्कार केला की आजीचा आशीर्वाद उशिराच येणार. ‘ऐकलंस का आजी?’ असं विचारू नका. नेमकं ‘सुखी राहा’ त्याखाली दबतं. नातीला वाकलेलीच थांबायला सांगा.

तरीही टक्कर झाली तर

ज्येष्ठांनी बोलत राहावं, धाकट्याने थांबून तळहात दाखवावा. तोंडाने ‘तू बोल’ म्हणू नये, कारण ते शब्दही उशिरानेच पोचतात आणि नवी टक्कर घडवतात. दोघंही गप्प झाले तर ताईने फक्त नाव घ्यावं: ‘आई.’

फोन स्पीकरवर असताना अडचण वाढते. स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरू नये म्हणून फोन दोघं एकदम बोलले की एका बाजूचा आवाज दाबतो. म्हणून आईला वाक्याचा मधला भाग ऐकूच येत नाही, आणि ओरडून उपयोग होत नाही. आई-बाबा दोघांना ऐकायचं असेल तर स्पीकर असू द्या, पण आवाज थोडा कमी करून फोन जवळ घ्या.

तुमचाच आवाज सेकंदभराने तुम्हाला परत ऐकू आला तर दोष तुमच्या फोनचा नसतो. पलीकडच्या एखाद्या घरातला स्पीकर त्यांच्याच माइकमध्ये शिरतोय. एकेक घराला माइक बंद करायला सांगत जा आणि बोलत राहा. ज्याचा बंद झाल्यावर प्रतिध्वनी थांबला, ते घर. एकाच खोलीत दोन फोन कॉलला जोडलेत का, हे तिथे आधी विचारा.

आवाज तुटत असेल तर सगळ्यांनी नमस्कार होईपर्यंत थांबून मग व्हिडिओ बंद करावा. याने अंतर कमी होत नाही, पण भरलेल्या रस्त्यावर आवाजाला जागा मिळते.

उशिरा येणाऱ्या काकांनी आल्याआल्या ‘नमस्कार सगळ्यांना’ म्हणू नये. माइक बंद ठेवून हात जोडावेत आणि थांबावं. चालू असलेलं वाक्य संपलं की ताई म्हणेल, ‘हां, काका आलेत. काका, बोला.’