दीर्घ आजारपणानंतर नोकरीचा अर्ज: आजाराला एक वाक्य पुरतं

दीड-दोन वर्षं आजारपणात गेली की अर्जासोबतच्या पत्राचा पहिला मसुदा बहुतेक वेळा आजाराचाच होतो. निदान कधी झालं, किती ऑपरेशनं झाली, घरच्यांनी किती केलं, आता रिपोर्ट कसे नॉर्मल आहेत. लिहिणाऱ्याला वाटतं, एवढं सांगितलं म्हणजे समोरच्याची शंका फिटेल. होतं उलटंच. अर्ज चाळणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात: हा माणूस कधीपासून येईल, आणि आल्यावर काम उचलेल का. त्यांचं उत्तर मिळायच्या आत चार ओळी दवाखान्याच्या वाचल्या, तर त्याच्या डोक्यात दवाखानाच राहतो.

एक उदाहरण धरून चालू. मिरजेत राहणाऱ्या एक अकाउंटंट बाई. आठ वर्षांचा अनुभव, जुलै २०२४ मध्ये आजारपणामुळे नोकरी सोडली. आता कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंटंटची जागा निघाली आहे आणि त्यांना जानेवारी २०२६ मध्ये अर्ज करायचा आहे.

लिहायच्या आधी तारीख पक्की करा

पत्रातला सगळ्यात वजनदार मजकूर म्हणजे रुजू होण्याची तारीख. ती अंदाजाने टाकू नका. डॉक्टरांना थेट विचारा: रोज आठ तास बसून काम, जाण्या-येण्याचा प्रवास धरून, कोणत्या तारखेपासून जमेल? त्याच भेटीत ‘अमुक तारखेपासून कामावर रुजू होण्यास योग्य’ एवढंच लिहिलेलं फिटनेस सर्टिफिकेट मागून घ्या. त्यात आजाराचं नाव असायलाच हवं असं नाही. तशी विनंती करता येते. हे सर्टिफिकेट पत्राला जोडायचं नाही, मागतील तेव्हा द्यायचं. न मागता जोडलं की ‘हे का दिलं असेल?’ असा प्रश्न आपणच उभा करतो.

डॉक्टर म्हणाले की अजून दोन महिने अर्धा दिवसच काम करा, तर पत्रात ‘पूर्णवेळ उपलब्ध’ लिहू नका. अर्धवेळ जागा शोधा, नाहीतर दोन महिन्यांनंतरची तारीख द्या. पहिल्याच महिन्यात रजा मागावी लागली, तर पत्रातल्या त्या दोन शब्दांची आठवण सगळ्यांना होते.

आजाराचं एक वाक्य

हे वाक्य भूतकाळात असावं, त्यात महिना-वर्ष असावं, आणि आजाराचं नाव नसावं. ‘जुलै २०२४ ते डिसेंबर २०२५ या काळात वैद्यकीय कारणामुळे मी नोकरीपासून दूर होते; आता उपचार पूर्ण झाले आहेत.’ बस. उपचार चालू असतील पण कामाच्या आड येत नसतील, तर ‘उपचार पूर्ण’ हे खोटं होईल. तिथे ‘आता पूर्णवेळ काम करण्यास डॉक्टरांची परवानगी आहे’ असं लिहा. ‘दुर्दैवाने’, ‘कृपया समजून घ्यावे’, ‘एक संधी द्यावी’ हे शब्द काढून टाका. ते माफीच्या सुरात वाचले जातात, आणि आजारी पडण्याची माफी मागायचं काही कारण नाही.

वाक्याची जागाही महत्त्वाची. पहिल्या परिच्छेदात पद आणि अनुभव, मग हे वाक्य, आणि त्याला लागूनच काम ताजं असल्याचा पुरावा.

महिने ताणू नका. पीएफ कापला जात असेल तर यूएएन खात्यात जुनी नोकरी कधी सोडली याची तारीख नोंदलेली असते, आणि नवी कंपनी ती पाहू शकते. बायोडेटातल्या आणि पत्रातल्या तारखा एकच हव्यात.

पुरावा: मधल्या काळात काय बदललं ते तुम्हाला माहीत आहे

खंड पडलेल्या उमेदवाराबद्दलची खरी शंका तब्येतीइतकीच कामाबद्दल असते. म्हणून आपल्या क्षेत्रात त्या काळात नेमकं काय बदललं ते शोधा आणि त्यातल्या एक-दोन गोष्टींचं नाव घ्या. आपल्या अकाउंटंट बाईंच्या गैरहजेरीत दोन मोठ्या गोष्टी घडल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जीएसटी पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम आली. पुरवठादारांची बिलं स्वीकारायची, नाकारायची की प्रलंबित ठेवायची, हे तिथे ठरवता येतं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांच्या टप्प्यांतल्या बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत गेल्या. या दोन्हींचा उल्लेख करणारा उमेदवार घरी बसून गंजलेला नाही, हे मालकाला वेगळं सांगावं लागत नाही.

याहून भक्कम पुरावा म्हणजे थोडं प्रत्यक्ष काम. एखाद्या कर सल्लागाराकडे आठवड्यातून दोन-तीन दिवस बसलात, तर ते नक्की लिहा; त्यातून ज्ञान आणि ताकद दोन्ही दिसतात. तेही जमलं नसेल तर टॅलीप्राईमचा एज्युकेशनल मोड फुकट मिळतो. त्यात महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात, पण हात बसवायला तेवढं पुरे. मात्र न केलेलं लिहू नका, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

तयार पत्र

> मा. व्यवस्थापक,
> विषय: अकाउंटंट पदासाठी अर्ज
>
> महोदय,
> आपल्या जाहिरातीतील अकाउंटंट पदासाठी मी अर्ज करत आहे. उत्पादन क्षेत्रातील लेखा विभागात मला आठ वर्षांचा अनुभव असून टॅली, जीएसटी विवरणपत्रे, टीडीएस आणि बँक मेळजुळणी ही कामे मी स्वतंत्रपणे पाहिली आहेत.
>
> जुलै २०२४ ते डिसेंबर २०२५ या काळात वैद्यकीय कारणामुळे मी पूर्णवेळ नोकरीपासून दूर होते. आता उपचार पूर्ण झाले आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून मी एका कर सल्लागारांकडे आठवड्यातून तीन दिवस काम करत आहे. सप्टेंबर २०२५ मधील दरबदल आणि पोर्टलवरील इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम यांचे काम तिथे हाताळले आहे.
>
> २ फेब्रुवारी २०२६ पासून मी पूर्णवेळ रुजू होऊ शकते. मुलाखतीसाठी कोणत्याही दिवशी येण्यास तयार आहे. बायोडेटा सोबत जोडला आहे.
>
> आपली विश्वासू,

पत्र इंग्रजीत पाठवायचं असलं तरी क्रम हाच ठेवा. पाठवण्याआधी घराबाहेरच्या कोणाला तरी एकदा वाचायला द्या, कागद परत घ्या आणि विचारा, काय लक्षात राहिलं? ‘आजारी होत्या’ हे आधी आलं तर दुसरा परिच्छेद अजून लांब आहे. ‘फेब्रुवारीपासून येणार, जीएसटी येतं’ असं आलं तर पत्र जमलं.

जे पत्रात नाही, ते कुठे सांगायचं

दर तीन महिन्यांनी तपासणीला अर्धा दिवस जावं लागणार असेल, तर ते पत्रात नको. पण नोकरी पक्की करताना, होकार देण्याआधी, तोंडी सांगून टाका. रात्रपाळी झेपणार नसेल आणि जाहिरातीत पाळ्या असतील, तर मात्र पत्राआधीच फोन करून विचारलेलं बरं. दोन्हीकडचा वेळ वाचतो.

मुलाखतीत ‘नेमकं काय झालं होतं?’ असं कोणी विचारलं तर आजाराचं नाव सांगायचं की नाही हे तुम्ही आधीच ठरवून जा. सांगायचं नसेल तर ‘उपचार झाले, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आहे, लागेल तेव्हा देईन’ एवढं बोलून थांबा आणि शांतता भरायला जाऊ नका. रुजू होतानाचा फॉर्म किंवा गट विम्याचा अर्ज यांची गोष्ट वेगळी. तिथे तब्येतीबद्दल थेट विचारलं असेल आणि खाली सही करायची असेल, तर खरंच लिहा. चुकीच्या माहितीमुळे पुढे विम्याचा दावा अडू शकतो.