फोन हरवायच्या आधी आजच करून ठेवा: ऑथेंटिकेटरची तयारी

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, लॉगिन करताना पासवर्डनंतर लागणारे, ऑथेंटिकेटरचे दर 30 सेकंदांनी बदलणारे ते 6 आकडे तुमच्या मोबाईल नंबरवर येत नाहीत, ते फोनमधल्या अ‍ॅपमध्येच तयार होतात. माझ्या मावसभावाचा फोन बसमध्ये चढताना गेला, त्याने लगेच ड्युप्लिकेट सिम काढलं आणि वाटलं झालं काम, पण अ‍ॅप उघडलं तर रिकामं, कारण कोड गूगल अकाउंटवर जपून ठेवणारं सिंक बंद होतं. वर नवीन सिमवर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत, म्हणजे ओटीपीचा रस्ताही बंद.

त्याला वाचवलं एका कागदाने. गूगल एका वेळी 10 बॅकअप कोड देतं, प्रत्येक 8 आकडी, आणि एक कोड एकदाच चालतो. त्याने ते प्रिंट करून पासबुकाच्या कव्हरमध्ये ठेवले होते. पासवर्ड टाकला, `Try another way` वर गेला, बॅकअप कोडचा पर्याय निवडला, एक कोड टाकला, जीमेल उघडलं. त्या कोडवर पेनाने काट मारली, म्हणजे पुढच्या वेळी वापरलेलाच कोड पुन्हा टाकत बसायला नको.

म्हणून आजच लॅपटॉपवर `myaccount.google.com` उघडून सिक्युरिटीमध्ये जा, कोड काढा, कागदावर घ्या. त्याच जीमेलच्या ड्राइव्हमध्ये किंवा फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट काढून ठेवू नका हो, किल्ली कुलपाच्या आतच राहते! ऑथेंटिकेटरमध्ये गूगल अकाउंटवर सिंक चालू करत असाल तर बाकीचे कोड नवीन फोनवर परत येतील, पण त्यासाठी आधी गूगलमध्ये लॉगिन व्हायला हवं आणि त्याचाच कोड हरवलेल्या फोनमध्ये असतो, त्यामुळे सिंक असलं तरी कागद लागतोच.

जीमेलच्या कोडने बाकीची अकाउंट उघडत नाहीत, प्रत्येकाचे कोड वेगळे. गिटहबचे तर 16 असतात, आणि ते हरवले, दुसरा कुठलाच पर्याय लावलेला नसला तर गिटहबचा सपोर्टही टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतरची ही दुसरी पायरी, काढून देत नाही, अकाउंट गेलंच समजा. भावाने ते फाईलमध्ये पेनड्राइव्हवर ठेवले होते म्हणून निभावलं.

आत शिरल्यावर लोक सुटलो म्हणून थांबतात, तिथेच चुकतं. हरवलेल्या फोनमधलं अ‍ॅप अजून बरोबर कोड दाखवतंच असतं, ते तुम्ही काढेपर्यंत. म्हणून आधी जुना फोन डिव्हाइसच्या यादीतून साइन आउट करा, मग प्रत्येक अकाउंटमध्ये जाऊन ऑथेंटिकेटर बदला, नवीन क्यूआर स्कॅन करा, आणि शेवटी बॅकअप कोडचा नवीन संच काढा. नवीन निघाला की जुना आपोआप रद्द होतो, तेव्हा पासबुकातला कागद त्याच दिवशी बदला.