येसरच्या पुडीच्या नावाची किंमत: सर्वेक्षणाला निघण्यापूर्वीची तयारी

समजा लातूरचा एक येसर-मसाल्याचा ब्रँड आहे, नांदेड-परभणीतही विकला जातो आणि त्याच्या नावाला किती मोल आहे ते काढायचं आहे. आधी हंगाम पाहा. एप्रिल-मेमध्ये घरोघरी वर्षाचा मसाला होतो, तेव्हा विकतच्या पुडीबद्दलची उत्तरं वेगळीच येतात. दिवाळीनंतरचा निवांत महिना धरा. घरात जो मसाला आणतो आणि जी स्वयंपाक करते, दोघांपैकी कुणाला विचारायचं ते ठरवून घ्या.

प्रश्नपत्रिकेत ओळखीचा प्रश्न पहिलाच हवा आणि तोवर पिशवीतली पुडी बाहेर काढायची नाही. "येसर म्हटलं की कोणती नावं आठवतात?" एवढंच विचारा. कुणी "ती लाल पुडी" म्हणेल. तेच शब्द लिहा, नाव आपण पुरवू नका. नावांची यादी नंतर वाचा आणि तिच्यात एक नसलेलं नाव घुसवा. शंभरात पंधरा जण त्यालाही "ऐकलंय" म्हणाले, तर बाकीच्या होकारांतही तेवढी भेसळ आहे असं समजा. "नाव ऐकून मनात काय येतं?" याची उत्तरं मात्र जशीच्या तशी उतरवा. लातुरात "लग्नाची आमटी" आणि नांदेडात "तिखट" येत असेल, तर दोन्ही गावं मिसळून सरासरी काढण्यात अर्थ नाही.

निष्ठेसाठी "पुन्हा घ्याल का?" विचारू नका, भिडेखातर सगळे हो म्हणतात. "दुकानात ही संपली असेल तर काय करता?" हे विचारा: दुसऱ्या दुकानात जाता, थांबता, की दुकानदार देईल ती घेता? पुडी बरणीत रिकामी होते, म्हणून स्वयंपाकघरात वेष्टन शोधून ताळा घेता येईलच असं नाही.

सगळ्यात जास्त तयारी किमतीला लागते. एकच मसाला, 100 ग्रॅम, दोन पुड्यांत भरा: एक नावाची, एक कोरी. दोनशे घरं चिठ्ठ्या टाकून निम्मी-निम्मी वाटा. एका घराला दोन्ही पुड्या दाखवल्या की ते तुलना करून उत्तर देतं. मग 40, 50, 60, 70 रुपयांना घ्याल का, ते भाव उलटसुलट क्रमाने विचारा, नाहीतर चढत्या भावात लोक घासाघीस करू लागतात. समजा नावाच्या पुडीला 60 वर 55 आणि 70 वर 20 होकार आले, तर निम्मी घरं सुमारे 61 रुपयांपर्यंत घेतात. कोऱ्या पुडीला 50 वरच 50 होकार असतील, तर नावाचे 11 रुपये. शंभर-शंभर घरांत होकार दहाएक टक्क्यांनी इकडेतिकडे होतात, त्यामुळे अहवालात 7 ते 15 लिहा. आणि निघण्यापूर्वी दहा किराणा दुकानांतला प्रत्यक्ष भाव टिपा. "दहावर एक फुकट" योजना चालू असेल, तर छापील किमतीवरचा हिशेब फसवा निघतो.