मुलं पळवणाऱ्या टोळीचा फॉरवर्ड: ग्रुपवर चार ओळी कशा लिहाव्यात

ग्रुपवर मुलं पळवणारी टोळी आल्याचा फॉरवर्ड आला की आधी पोलीस ठाण्यात फोन करा, आपल्या हद्दीत अशी तक्रार आहे का ते विचारा आणि वेळ टिपून ठेवा. व्हिडिओ असेल तर त्याचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये टाका. २०१८ मध्ये देशभर फिरलेली, मोटारसायकलवरून मूल उचलून नेणारी क्लिप कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधून कापलेली होती. मूल परत आणून देतात तो शेवटचा भाग तेवढा गाळला होता.

खरी अडचण लिहिताना येते. "घाबरू नका"ने सुरुवात केली की ज्याने मूळ मेसेज वाचलाच नव्हता तोही वर जाऊन वाचतो. व्हिडिओवर लाल "फेक" शिक्का मारून तो पुन्हा टाकणं तर सगळ्यात वाईट: लोक चित्र बघतात, शिक्का नाही, आणि तोच व्हिडिओ दुसऱ्या ग्रुपवर पोचतो. म्हणून अफवेतला तपशील (गाडीचा रंग, बायकांचा वेश, टोळीची संख्या) आपल्या मजकुरात अजिबात नको. मी असं लिहितो:

"आत्ता ८:४० ला आपल्या पोलीस ठाण्यात फोन केला होता. ठाणे अंमलदार म्हणाले, हद्दीत मूल पळवल्याची एकही तक्रार नाही. वरचा व्हिडिओ जुना आहे, आपल्याकडचा नाही. कुणाबद्दल शंका आली तर अडवू नका, ११२ ला फोन करा. तो व्हिडिओ पुढे पाठवला असेल तर तिथेही हे टाका."

पहिल्या वाक्यात वेळ आणि कुणाला विचारलं ते हवंच; त्याशिवाय तुमचा मेसेजही आणखी एक फॉरवर्डच. "असं कधी होतच नाही" म्हणू नका, विचारलं तेवढंच सांगा. शेवटी "तरी काळजी घ्या" जोडायचा मोह आवरा, त्या तीन शब्दांनी वरचं सगळं पुसलं जातं.

"अडवू नका" हे वाक्य मात्र कितीही आखूड मेसेज असला तरी काढू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच संशयावरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. ते भिक्षा मागत फिरणारे लोक होते.

फॉरवर्ड करणाऱ्या काकांना ग्रुपवर नावानिशी झापू नका. ते हट्टाला पेटतात आणि चर्चा रात्रभर चालते. त्यांना फोन करा, "काका, ठाण्यात विचारलं, तसं काही नाही, तेवढा काढून टाकता का?" म्हणा. नाहीच काढला तर अ‍ॅडमिनला सांगा, त्याला तो सगळ्यांसाठी काढता येतो.

आणि ठाण्यातून "हो, तक्रार आहे" असं उत्तर आलं, तर वरच्या चार ओळी विसरा. पोलीस काय कळवायला सांगतात ते विचारून तेवढंच टाका, स्वतःचा एक शब्दही न जोडता.