बाबांच्या फोनवर भीम, सातासमुद्रापलीकडून

बाबांना सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पैसे पाठवायच्या भीम ॲपची एपीके, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय ॲप थेट बसवायची फाईल आली होती. म्हटलं, "बाबा, ती उघडू नका, आधी डिलीट करा." प्ले स्टोअरमध्ये शोधायलाही सांगितलं नाही, कारण तिथे वरच जाहिरातीतलं भलतंच ॲप दिसू शकतं. नाव नि चिन्ह कुणीही नकलू शकतं, पण प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपचा आयडी एकमेव असतो. म्हणून ही लिंकच पाठवली:

```
https://play.google.com/store/apps/details?id=in.org.npci.upiapp
```

`id=` नंतरचं अक्षर न् अक्षर त्यांच्याकडून वाचून घेतलं. (बाबा जुने कारकून, त्यांना हे फार आवडलं.)

पुढे गाडी अडली ती पडताळणीवर. नोंदणीसाठी ॲप बाबांच्याच फोनवरून एसएमएस पाठवतं. त्यांनी निवडलं दुसरं सिम, बँकेत नोंदवलेला नंबर पहिल्यावर. सिम बदलल्यावर खातं लगेच दिसलं.

तोवर मी व्हिडिओ कॉलवर त्यांची स्क्रीन पाहत होते. यूपीआय पिन ठरवायच्या आधी मात्र शेअरिंग बंद करायला लावलं. "अगं, तुझ्यापासून काय लपवायचं?" म्हणाले. म्हटलं, उद्या बँकेचा माणूस म्हणून कुणी स्क्रीन मागितली, तर हेच करायचं.

मग आईला एक रुपया पाठवला. तिला तो घ्यायला पिन लागला नाही, हे बाबांनी स्वतःच टिपलं.