सातवीला कबड्डी शिकवताना: आधी हात, मग साखळी, पकड सगळ्यांत शेवटी

क्रीडाशिक्षक म्हणून माझ्या पहिल्याच वर्षी सातवीच्या तासाला दोन मुलांची डोकी एकमेकांवर आपटली. एकाच्या भुवईला दोन टाके पडले. त्या चढाईत चढाईपटूला कोणाचा हातही लागला नव्हता, तो सुखरूप मध्यरेषेपलीकडे पोहोचला होता. डोकी आपटली ती दोन बचावपटूंची. डावीकडून एक आणि उजवीकडून दुसरा असे दोघेही कमरेतून वाकून, चढाईपटूच्या पायांकडे बघत धावले होते आणि त्यांना एकमेक दिसलेच नाहीत.

तोवर मी मुलांना 'चढाईपटूला जोरात मारू नका, ओढू नका' एवढंच बजावत असे. नवीन शिक्षकांनी पहिल्यांदा लक्षात घ्यावी अशी गोष्ट मला त्या दिवशी कळली: या वयाच्या वर्गात मोठा धोका असतो तो दोन बचावपटूंच्या मध्ये, आणि त्याचं मूळ नजर खाली असण्यात असतं. त्यानंतर मी शिकवण्याचा क्रमच बदलला. आता पकड सगळ्यांत शेवटी येते आणि काही वर्गांत ती येतही नाही.

ज्या वर्गाबद्दल सांगतोय तो चाळीस मुलामुलींचा होता. आठवड्याला पस्तीस मिनिटांचे दोन तास, म्हणजे तीन आठवड्यांत सहा. त्यात गल्लीत रोज खेळणारी पाच-सहा मुलं होती, कधीच न खेळलेल्या बऱ्याच मुली होत्या, दम्याचा त्रास असलेला एक मुलगा होता, बोलताना अडखळणारा एक होता आणि वजनामुळे धावायला संकोचणारे दोघे-तिघे होते.

पहिल्या तासाला मी मैदान आखतच नाही. आधी नखं बघतो. मग कडी, अंगठ्या, कानातलं, गळ्यातली ओळखपत्रं सगळं काढून ठेवायला लावतो. पायांचा नियम एकच: एक तर सगळे बूट घालणार, नाहीतर सगळे अनवाणी. अर्धे बुटात आणि अर्धे अनवाणी असले की बोटं तुडवली जातात, आणि हे मी दोनदा पाहिलं आहे. त्यानंतर जोड्या लावून पवित्रा. गुडघे वाकवायचे, कंबर नाही. छाती वर आणि नजर समोरच्याच्या छातीवर. हे तोंडाने सांगून मुलांना जमत नाही, म्हणून एक जण छातीशी हात धरून बोटं दाखवत राहतो आणि दुसरा पवित्र्यात डावी-उजवीकडे सरकत मोठ्याने आकडा सांगतो: 'तीन, एक, चार'. आकडा चुकला किंवा उशिरा आला की समजायचं, मान खाली गेली होती. पाच मिनिटांचा हा व्यायाम मी सहाही तासांच्या सुरुवातीला घेतो. गल्लीत खेळणाऱ्या मुलांना तो सुरुवातीला कंटाळवाणा वाटतो, पण त्यांनाच त्याची गरज जास्त असते, कारण खाली बघून झडप घालायची सवय त्यांना आधीच लागलेली असते.

त्याच तासात स्पर्श शिकवतो. पंजा उघडा, बोटं जुळलेली आणि किंचित वाकलेली. बोटं फाकवून हात पुढे टाकला की ती समोरच्याच्या कोपरावर आपटतात आणि सांधा सुजतो. माझ्या वर्गांतली निम्मी दुखणी असल्या बोटांचीच होती. स्पर्श कुठे करायचा तेही पक्कं: खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात, बस्स. चेहरा, मान, छाती, पोट, पाय यांपैकी कुठेही लागला तर गुण नाही, आणि चेहऱ्याला लागला तर चढाई तिथेच संपली. या एका नियमाने दोन कामं होतात. डोळ्या-नाकाला लागत नाही, आणि मुलं-मुली एकत्र खेळताना कोणाला अवघडल्यासारखं होत नाही. पायाने स्पर्श मी या सहा तासांत शिकवत नाही. न शिकलेल्या मुलाचा पायाचा स्पर्श म्हणजे लाथच असते.

दुसऱ्या तासाला चार मीटर लांब, दोन मीटर रुंद अशा पट्ट्या आखायच्या आणि एकास एक खेळवायचं. चढाईपटूने आत जायचं, दंडाला हात लावायचा आणि परत यायचं. बचाव करणाऱ्याने फक्त मागे सरकायचं, धरायचं नाही. इथे मी जोड्या वजनावर लावत नाही, वेगावर लावतो. आधी सगळ्यांना एकदा पळवून बघतो आणि साधारण सारख्या वेगाची दोघं समोरासमोर आणतो. दर तीन चढायांनी जोडी बदलतो.

तिसऱ्या तासाला खरा खेळ सुरू होतो. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं. तेवढ्या जागेत बारा वर्षांची नवखी मुलं हरवून जातात, आणि चाळीसांतली सव्वीस बाहेर बसून राहतात. मी फक्कीने ८ बाय ५ मीटरची चार मैदानं आखतो, दोन मैदानांमध्ये किमान दोन मीटर मोकळे सोडतो. प्रत्येक बाजूला मध्यरेषेपासून दोन मीटरवर निदानरेषा. दर मैदानावर दहा जण: चार विरुद्ध चार, एक पंच आणि एक गुणलेखक. पंच आणि गुणलेखक दर चार मिनिटांनी बदलतात. चढाई आळीपाळीने, ठरलेल्या क्रमाने. क्रम मुलांवर सोडला तर दोघेच चढाया करतात आणि बाकीचे मागच्या रेषेला चिकटून उभे राहतात.

मिश्र वर्गासाठी मला सगळ्यांत उपयोगी पडलेला बदल निदानरेषेचा आहे. खऱ्या सामन्यात चढाईपटूने कोणाला स्पर्श केला नाही तर त्याला निदानरेषा ओलांडावीच लागते, नाहीतर तो बाद होतो. मी त्याच रेषेला गुण जोडला. स्पर्श करून आलात तर एक गुण, आणि स्पर्श न करता फक्त रेषा ओलांडून सुखरूप परत आलात तरी एक गुण. त्यामुळे ज्या मुलीला हात पुढे टाकायची भीती वाटते तिच्याकडेही चढाईत करण्यासारखं काहीतरी असतं. दुसरा बदल म्हणजे या तासात कोणी बाद होऊन बाहेर बसत नाही, फक्त गुण मोजले जातात. बाद करून बसवलं तर जी मुलं कच्ची आहेत तीच सगळ्यात कमी खेळतात.

चौथ्या तासाला साखळी, आणि माझ्या अपघाताचं उत्तरही इथेच आहे. दोन बचावपटू एकमेकांचं मनगट धरतात. बोटांत बोटं गुंतवायची नाहीत, हिसका बसला तर ती सुटत नाहीत आणि मुरगळतात. चारजणांच्या संघात अशा दोन साखळ्या होतात. पकडीचा नियम असा: एकाच साखळीतल्या दोघांचे मोकळे हात एकाच वेळी चढाईपटूच्या दंडाला लागले की पकड झाली. धरायचं नाही, ओढायचं नाही, पंच 'झालं' म्हणाला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. एका वेळी एकच साखळी पुढे जाते. जी जाणार तिने आधी 'आम्ही' असं ओरडायचं, दुसरी तोवर मागे सरकते. मनगट धरलेलं असलं की जोडीदार कुठे आहे हे हाताला कळतं, आणि 'आम्ही' ऐकू आलं की समोरून दुसरं कोणी धावत येत नाही.

त्या वर्गात पहिल्या दहा मिनिटांत एका मैदानावर गडबड होत होती. गल्लीत खेळणारा एक मुलगा साखळीतून हात सोडवून एकटाच झडप घालत होता. मी त्याला रागावलो नाही. त्याच्या जोडीला वर्गातला सगळ्यात सावकाश धावणारा मुलगा दिला आणि सांगितलं, या दोघांची साखळी सुटली तर समोरच्या संघाला गुण. दोन चढाया त्यांनी गुण गमावले. तिसऱ्या चढाईला जोरकस मुलगा थांबला आणि त्याने सावकाश मुलाला कोपऱ्यात उभं केलं. स्वतः चढाईपटूला त्याच्याकडे वळवलं, आणि त्या दोघांची पहिली पकड झाली. सावकाश मुलाला जागा सोडून धावावंच लागलं नाही. पुढच्या वर्षी तो शाळेच्या संघात राखीव कोपरारक्षक होता.

पाचव्या तासाला दम. आधी उभ्या उभ्या 'कबड्डी कबड्डी', मग चालत, मग चढाईत. सामन्यात चढाईला तीस सेकंद मिळतात, मी बारा सेकंदांवर सुरुवात करतो आणि पंच मोठ्याने मोजतो. दम्याच्या मुलाने दम घ्यायचा नाही, त्याच्या चढाईला फक्त पंचाची मोजणी चालते. त्याचं औषध मैदानाच्या कडेला, माझ्या हाताशी असतं. अडखळणाऱ्या मुलाला मी आधीच एकटं गाठून विचारलं. तो म्हणाला, "सर, मी मनात म्हणेन आणि मांडीवर ताल धरेन." तोच नियम ठरला: ताल तुटला तर दम तुटला. या तासाला मी बाद होणं आणि पुन्हा आत येणं आणतो, पण बाद झालेला जास्तीत जास्त दोन चढायाच बाहेर राहतो.

सहाव्या तासाला प्रत्यक्ष धरायचं की नाही हे मी दोन गोष्टींवर ठरवतो. पाचव्या तासात प्रत्येक मैदानावर सलग दहा चढाया कोणी न पडता, कोणी एकमेकांवर न आपटता झाल्या का? आणि खाली मऊ माती, वाळू किंवा मॅट आहे का? दोन्हींची उत्तरं 'हो' असली तरच पुढे, आणि तेही उंची-वजनाने जवळच्या जोड्या लावून, मुलं मुलांबरोबर आणि मुली मुलींबरोबर. चढाईपटू स्थिर उभा. बचावपटू बाजूने येऊन कमरेला मिठी घालतो, डोकं पाठीच्या बाजूला, गाल चढाईपटूच्या पाठीला टेकलेला. मिठी बसली की 'धरलं' म्हणायचं आणि लगेच सोडायचं. उचलणं नाही, पाडणं नाही. घोट्याची पकड मी सातवीला शिकवत नाही. घोटा धरलेला मुलगा पडताना हात टेकवतो आणि मनगटावर सगळा भार येतो.

त्या वर्गात चारांपैकी तीन मैदानं सहाव्या तासाला मिठीपर्यंत पोहोचली. चौथ्या मैदानावर दहापैकी सातव्या चढाईला दोघांचे खांदे जोरात आपटले होते, म्हणून ते दहाजण साखळीवरच राहिले. त्यांनी विचारलं, आम्ही मागे का? मी त्यांना गुणलेखकाची वही दाखवली. सातव्या चढाईसमोर त्यांच्यातल्याच एकीने लिहिलं होतं: '"आम्ही" म्हणायचं विसरले.'