बूट चावतो म्हणून एक नंबर मोठा घेताय? या चुका टाळा

विशीच्या आसपास पावलांच्या हाडांची वाढ थांबते. म्हणून बहुतेकांचा समज असतो की तेव्हाचा नंबर जन्मभर तोच राहणार. हाडं वाढत नाहीत हे खरं, पण त्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध वयाबरोबर सैल होतात. तळव्याची कमान थोडी खाली बसते आणि चवडा पसरतो. पाऊल त्यामुळे थोडं लांब आणि बरंचसं रुंद होतं. वजन वाढलं की त्याच कमानीवर रोज जास्त भार पडतो, शिवाय पावलावरही थोडी चरबी चढते.

गरोदरपणात हा बदल काही महिन्यांतच घडू शकतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी 49 गरोदर स्त्रियांची पावलं सुरुवातीच्या महिन्यांत मोजली आणि बाळंतपणानंतर सुमारे पाच महिन्यांनी पुन्हा मोजली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साधारण 60 ते 70 टक्के स्त्रियांची पावलं लांब-रुंद झालेली आढळली. लांबीतली वाढ 2 ते 10 मिलिमीटर होती. पहिल्या बाळंतपणात हा बदल सगळ्यात ठळक दिसला. सूज ओसरली तरी खाली बसलेली कमान परत वर आली नव्हती. त्यामुळे ‘बाळंतपणानंतर होईल पूर्वीसारखं’ म्हणून जुने बूट जपून ठेवले, तरी ते पुन्हा बसतीलच असं नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक: रुंदीचं दुखणं लांबीने सोडवणं

बूट करंगळीला चावू लागला की आपण सरळ पुढचा नंबर मागतो. ब्रिटिश मापात एक नंबर वाढला की बूट साधारण साडेआठ मिलिमीटर लांब होतो, पण रुंदी वाढते जेमतेम दोन मिलिमीटर.

समजा, एका बाईंचं पाऊल पहिल्या बाळंतपणानंतर 3 मिलिमीटर लांब आणि 4 मिलिमीटर रुंद झालं. लांबीसाठी त्यांना अर्धा नंबर पुरे. पण तेवढी रुंदी नंबर वाढवून मिळवायची तर दोन नंबर वर जावं लागेल, म्हणजे बूट सतरा मिलिमीटर लांब. त्यात टाच निसटते, पाऊल पुढे घसरतं आणि बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. बुटाची वाकायची जागाही चवड्याच्या पुढे जाते, त्यामुळे चालताना सोल भलतीकडेच दुमडतो. त्यांनी अर्धाच नंबर वाढवून रुंद फिटिंगचा बूट मागायला हवा. लेस किंवा पट्ट्याचा असेल तर उत्तम, कारण तो सैल-घट्ट करता येतो.

लांबी कमी पडतेय की रुंदी, हे घरीच कळतं. बुटातला सुटा सोल बाहेर काढा आणि त्यावर उभे राहा. कडेने मांस बाहेर येत असेल तर रुंदी कमी आहे. सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरत नसेल तर लांबी कमी आहे. करंगळीपाशी फुगलेला बूट आणि तिथेच पडलेली कुरुपं हीसुद्धा रुंदीचीच तक्रार आहे.

मोजतानाच्या चुका

बसून मोजू नका. उभं राहिल्यावर, अंगाचा भार पडल्यावरच कमान खाली बसते आणि खरं माप मिळतं. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. कागदावर टाच भिंतीला लावून उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून कड काढायला सांगा. वाकून स्वतः काढलीत तर भार सरकतो आणि माप चुकतं. दोन्ही पावलं मोजा. नंबर मोठ्या पावलाचा धरा. रुंदी अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापासून करंगळीच्या मुळापर्यंत घ्या.

पुन्हा कधी मोजायचं?

चाळिशीनंतर वर्षातून एकदा मोजावं. वजनात चांगलाच फरक पडला, वाढलं किंवा घटलं, की तेव्हाही. गरोदरपणात घट्ट वाटू लागताच मोजा, पण महागडे बूट तेव्हा घेऊ नका. बाळंतपणानंतर पाच-सहा महिन्यांनी पुन्हा मोजून मग घ्या.

एकाच पायाला सूज आणि दुखणं आलं, किंवा गरोदरपणात सुजेबरोबर खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथे नंबर बदलायचा विचार करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल तर ‘मला तर बरा वाटतो’ यावर बूट घेऊ नका. घट्ट बूटही अशा लोकांना सैल वाटतो आणि जखम झाल्याचं कळत नाही. त्यांनी प्रत्येक खरेदीआधी पाऊल मोजावं आणि नवा बूट थोडा वेळ घालून, काढल्यावर कुठे लाल वळ उठलाय का ते डोळ्यांनी पाहावं.